नकाशा हरवलेलं खोक्यातलं कपाट कसं जोडायचं: भोकं मोजून फळ्या ओळखण्यापासून दारं बसवण्यापर्यंत

आता आंदणातलं कपाटही मोबाईलवरून मागवलं जातं. तालुक्यापर्यंत पार्सल येतं, तिथून ऑटोत आडवं टाकून गावात. खोक्यात सुट्या फळ्या, स्क्रूच्या पुड्या आणि घडी केलेला एक कागद असतो. तो कागद म्हणजे जोडणीचा नकाशा, आणि नेमका तोच जातो. कधी पावसात लगदा होतो, कधी लेकरं विमान करतात. आमच्या गल्लीतल्या मामींकडे तो थर्माकोल-पुठ्ठ्यासोबत गेला. "बापू, कागद त चुलीत गेला. आता ह्या फळ्या बी चुलीतच घालू का?" असं त्यांनी मला विचारलं होतं.

घालू नका. असल्या कपाटाच्या फळ्या कारखान्यातून भोकं पाडूनच येतात. प्रत्येक भोकाचं तोंड, जाडी आणि कडेपासूनचं अंतर ठरलेलं असतं. ते नीट मोजून वहीत उतरवलं की कोणती फळी कुठली आणि कोणती आधी, हे बहुतेक सगळं परत काढता येतं. गावात असे बरेच खोके जोडून दिल्यावर माझी एक पद्धत बसली आहे. ती मी मामींच्या कपाटावरून सांगतो. दोन दारांचं, 180 सेंटिमीटर उंच, 80 रुंद आणि 45 खोल असं ते पार्टिकल बोर्डचं कपाट होतं. तुमचं माप वेगळं असेल, पण रीत हीच लागते.

एक गोष्ट आधीच करा. खोक्यावरच्या चिठ्ठीत मॉडेल नंबर असतो. तो घालून कंपनीच्या साइटवर नकाशाची फाइल मिळते का बघा. मिळाली तर पुढचं वाचायची गरज नाही. मामींच्या वेळी कंपनीच्या नंबरवर फक्त गाणं वाजत होतं.

काय काय जवळ ठेवायचं

- मेझर टेप आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली शाळेतली पट्टी
- चार पाकळ्यांचा हातातला पेचकस, शक्यतो एक लांब आणि एक बुटका
- गुण्या. नसेल तर वहीचा कोपरा तात्पुरता चालतो
- हातोडी आणि मध्ये धरायला लाकडाचा ठोकळा
- पेन्सिल, वही, कागदी चिकटपट्टी
- चार-पाच वाट्या आणि खाली अंथरायला जुनी गोधडी

ड्रिलला स्क्रूचं टोक लावून काम उरकायचा मोह होतो. या बोर्डावर तसं करू नका. तो लाकडाचा भुसा दाबून केलेला असतो. मशीनचा एक झटका बसला की भोकातले आटे भुगा होऊन बाहेर येतात. हाताला स्क्रू कधी आवळला ते कळतं, मशीनला कळत नाही.

1. आधी पुड्या मोजा, फळ्यांना हात नंतर

पुड्या फोडून एकेका जातीचं सामान वेगळ्या वाटीत टाका, मोजा आणि आकडा वहीत लिहा. पुढे हाच आकडा तुमचं उत्तर तपासायला कामी येतो. मामींच्या कपाटात असं निघालं:

- 18 गोल चकत्या. साधारण रुपयाच्या नाण्याहून लहान, 15 मिलिमीटर रुंद, जाडजूड, आत पोकळ, तोंडावर पेचकसाची खाच आणि एक बाण. दुकानात "मिनिफिक्स" म्हटलं की हेच देतात. मी यांना पुढे कुलूप म्हणतो.
- 18 बोल्ट. एका टोकाला आटे, मध्ये कॉलर, दुसऱ्या टोकाला मान आणि गोल डोकं. हे कुलपाचे जोडीदार.
- 20 लाकडी गुल्ल्या, 8 मिलिमीटर जाड आणि 30 लांब. दुकानदार यांना डॉवेल म्हणतात.
- 12 छोट्या खुंट्या, सुट्या कप्प्यांखाली लावायच्या.
- 6 कब्जे त्यांच्या पायपट्ट्यांसह, आणि 28 आखूड स्क्रू, 16 मिलिमीटर लांब.
- 2 मुठी आणि 4 मशीन स्क्रू, 25 मिलिमीटर लांब.
- कपडे टांगायचा दांडा, त्याच्या 2 वाट्या, पाठीच्या पत्र्यासाठी प्लॅस्टिकची एक लांब पट्टी, भिंतीला धरून ठेवायचा एक एल आकाराचा पत्रा आणि पायाखाली ठोकायची 4 प्लॅस्टिकची बटणं.

कुलपं आणि बोल्ट सारख्याच संख्येत असले पाहिजेत. नसतील तर पुडी पुन्हा झटका, फळ्यांच्या मध्ये अडकलेलं बघा. तरी कमी पडले तर एक नमुना खिशात घालून तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे जा. बोल्टची लांबी वेगवेगळी येते, नुसतं तोंडी सांगून आणू नका.

2. चार जातींची भोकं ओळखायला शिका

सगळं गणित इथे आहे, म्हणून इथे घाई नको. फळीला दोन अंगं असतात, म्हणजे रुंद सपाट बाजू, आणि चार कडा. भोक अंगावर आहे की कडेत, हे आधी बघा.

अंगावर मोठं, 15 मिलिमीटरचं आणि आरपार न गेलेलं भोक दिसलं तर ते कुलपाचं घर. ते नेहमी फळीच्या टोकाजवळ, कडेपासून अडीच ते साडेतीन सेंटिमीटरवर असतं. त्याच्या समोरच्या कडेत 8 मिलिमीटरचं भोक असतं, जे आत जाऊन या घराला मिळतं. काडी घालून बघा, काडी घरात निघते. त्यातून बोल्टचं डोकं येणार.

कडेतच 8 मिलिमीटरचं दुसरं भोक असतं, पण काडी आत अडते. ते गुल्लीचं.

अंगावर 8 मिलिमीटरचं भोक असेल तर तेही गुल्लीचं, गुल्लीचं दुसरं टोक तिथे जाणार. आणि अंगावर 5 मिलिमीटरचं भोक, गुल्लीच्या भोकाच्या शेजारीच, एका रेषेत, तर तो बोल्टचा पाया. बोल्टचे आटे तिथे फिरवायचे.

घोटाळा होतो तो 5 मिलिमीटरच्या भोकांत, कारण सुट्या कप्प्यांच्या खुंट्यांनाही तेवढंच भोक लागतं. फरक जागेवरून कळतो. खुंट्यांची भोकं उभ्या ओळीत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात. बहुतेक कारखान्यांत ते अंतर 32 मिलिमीटर असतं. शेजारी गुल्लीचं भोक नसतं. पुढच्या कडेपासून 37 मिलिमीटरवर एकाखाली एक अशी दोनच भोकं किंवा बारीक खुणा दिसल्या, त्याही 32 मिलिमीटरच्या अंतरानं, तर ती कब्जाच्या पायपट्टीची जागा. त्यात बोल्ट फिरवून बसलात तर दार लावताना आठवण होईल.

एवढं कळलं की एक नियम हातात येतो. ज्या फळीत कुलपाची घरं आहेत, तिची कड दुसऱ्या फळीच्या अंगाला टेकते. ज्या फळीच्या अंगावर बोल्टचे पाये आहेत, ती फळी ती कड झेलते.

3. प्रत्येक फळीचं वर्णन एकाच क्रमानं लिहा

फळीला चिकटपट्टी लावून अक्षर द्या: क, ख, ग. काही कारखाने कडेवर आकड्याचं स्टिकर लावतात. असेल तर तोच आकडा ठेवा. मग वहीत हा क्रम: लांबी, रुंदी, जाडी, कोणत्या कडेला पट्टी चिकटवलेली आहे, खाच आहे का, मग एका अंगावरची भोकं, दुसऱ्या अंगावरची, शेवटी कडांतली. मापं मिलिमीटरमध्येच लिहा. "वीतभर" चालत नाही, इथे 2 मिलिमीटरलाही अर्थ असतो.

हे वर्णन तुमच्यासाठी तर आहेच, पण फोनवर मदत मागायची असेल तेव्हाही हेच लागतं. नागपूर-अमरावतीला कोणाकडे तसंच कपाट असेल, किंवा ओळखीचा मिस्त्री असेल, तर त्याला "मोठ्या फळीले तीन भोकं हाय, आता काय करू?" असं विचारून काही होत नाही. तो बिचारा म्हणेल, "भाऊ, कोन्त्या अंगाले?" त्याऐवजी असं वाचून दाखवा:

"फळी क. 1800 बाय 450, जाडी 18. एका लांब कडेला पट्टी आहे, दुसऱ्या लांब कडेजवळ खाच आहे. खाचेच्याच अंगावर भोकं आहेत, दुसरं अंग कोरं. एका टोकापासून 9 मिलिमीटरवर आडव्या ओळीत बोल्टचे 2 पाये आणि गुल्लीची 2 भोकं. दुसऱ्या टोकापासून 69 मिलिमीटरवर तशीच 4. त्याच टोकापासून 1000 वर तशीच 4. त्याच टोकाजवळ, पुढच्या कडेलगत एक पाया आणि एक गुल्ली. मध्ये खुंट्यांच्या ओळी."

एवढ्यावरून समोरचा न बघता सांगू शकतो की ही डावी किंवा उजवी बाजू आहे, आणि तिच्यावर मध्ये एक पक्का कप्पा टेकतो.

फोटो पाठवायचे असतील तर भोकात आगकाडी खोचून फोटो काढा. पांढऱ्या फळीवरची भोकं फोटोत दिसत नाहीत, काड्या दिसतात.

4. वर्णनावरून नावं लावा

मामींच्या कपाटाच्या सगळ्या फळ्या लिहून झाल्यावर चित्र असं उघडलं.

दोन फळ्या 1800 लांबीच्या. कपाटाची उंची तेवढीच, म्हणजे या दोन बाजू. पट्टी चिकटवलेली कड पुढे, कारण दिसणारी कडच झाकतात. खाच मागे, पाठीचा पत्रा तिथे सरकतो. भोकांचं अंग आत. आता वर कुठलं आणि खाली कुठलं? फळ्या 18 जाडीच्या. एका टोकापासून 9 वर भोकं आहेत, म्हणजे तिथे टेकणारी आडवी फळी टोकाला अगदी सपाट येते. ते कपाटाचं डोकं. दुसऱ्या टोकापासून 69 वर आहेत. त्यातले 9 वजा केले तर खाली 60 मिलिमीटर मोकळे राहतात. तो तळ, आणि त्या 60 मध्ये तळाखालची पट्टी बसते. 764 बाय 60 ची एक अरुंद पट्टी सापडलीच.

डावी-उजवी कशी कळली? एका बाजूवर बोल्टचे 7 पाये निघाले, दुसरीवर 5. सात असलेलीवर पक्का कप्पा जास्तीचा टेकतो. फळी उभी करून पट्टीची कड आपल्याकडे, डोकं वर आणि भोकं आतल्या अंगाला अशी धरली की एकाच बाजूला नीट बसते. सातवाली डाव्या हाताला आली. म्हणजे कप्पे डावीकडे, टांगायचा दांडा उजवीकडे.

764 बाय 450 च्या दोन फळ्या. एकूण रुंदी 800, त्यातून दोन बाजूंच्या जाड्या, 36, काढल्या की 764. म्हणजे डोकं आणि तळ दोन्ही बाजूंच्या मधे बसतात. दोन्हींच्या मधोमध बोल्टचे 2 पाये. पण एकीला पायांच्या उलट अंगाला गुल्लीची आणखी 2 भोकं आहेत. ती खालच्या पट्टीसाठी, म्हणून ती तळाची.

1704 बाय 430 ची एक फळी. 1800 मधून डोक्याचे 18, तळाचे 18 आणि खालचे 60 काढा, उरतात 1704. ही मधली उभी फळी. खोली 20 नं कमी, कारण तिच्या मागून पाठीचा पत्रा जातो. हिचं वर-खाली ठरवायला एक वजाबाकी करा. डाव्या बाजूवर पक्क्या कप्प्याची भोकं खालून 1000 वर होती. मधली फळी 78 उंचीवर (60 आणि 18) उभी राहते. म्हणून तिच्यावर ती खालून 922 वर यायला हवीत. एका टोकापासून 922 आणि दुसऱ्यापासून 782 निघालं. 922 वालं टोक खाली. ही फळी उलटी लागली तर कप्पा 14 सेंटिमीटर तिरका होतो, म्हणजे लागतच नाही, आणि तोवर निम्मं कपाट जोडून झालेलं असतं.

कप्पे चार होते आणि बघायला एकसारखे. एकाची लांबी 373, बाकी तिघांची 371. ज्यात कुलपाची घरं, तो 373 चा पक्का. दोन मिलिमीटर कमी असलेले खुंट्यांवर ठेवायचे, म्हणून थोडे सैल. ताडून बघा: 764 मधून मधल्या फळीचे 18 काढून निम्मे केले की 373 च येतात.

उरल्या 35 मिलिमीटर रुंद गोल खड्डे असलेल्या दोन फळ्या. ती दारं, खड्डे कब्जांचे. आणि 3 मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे, ती पाठ.

आता हिशेब जुळवा. सगळ्या फळ्यांवरचे बोल्टचे पाये: डावी 7, उजवी 5, मधली 2, डोकं 2, तळ 2. बेरीज 18. पुडीत बोल्ट 18. कुलपाची घरं: डोकं 4, तळ 4, मधली 4, पक्का कप्पा 4, खालची पट्टी 2. तीही 18. अंगावरची गुल्लीची भोकं 20, गुल्ल्या 20. बेरीज जुळली तर नावं बरोबर लागली असं समजा. एखादा बोल्ट जास्त उरतो असं दिसलं तर बहुधा कोणता तरी पाया तुम्ही खुंटीचं भोक समजलात.

5. क्रम बोल्टच्या दिशेवरून काढा

नकाशाशिवाय सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. फळ्या ओळखल्या, मग दोन बाजू उभ्या करून त्यात तळ आणि डोकं बसवलं, आणि मग मधली फळी आत घालायला गेले. ती जात नाही. तळातून बोल्ट वर उभा, डोक्यातून खाली उतरलेला, आणि फळीला दोन्हींच्या मधून वाकडं होऊन शिरायला जागा नाही.

बोल्ट किंवा गुल्ली ज्या दिशेला तोंड करून आहे, फळी त्याच दिशेनं सरकत येऊ शकते. म्हणून प्रत्येक जोडापुढे वहीत "उभा" किंवा "आडवा" लिहा. मधली फळी ते डोकं: उभा. मधली फळी ते तळ: उभा. खालची पट्टी ते तळ: उभा. पक्का कप्पा ते मधली फळी: आडवा. डावी बाजू ते बाकी सगळे: आडवा. उजवी बाजू: आडवा.

उभे जोड सगळे आधी व्हायला हवेत, कारण बाजू लागल्या की डोकं आणि तळ वर-खाली हलत नाहीत. त्यानंतर आडवे, आतून बाहेर: आधी पक्का कप्पा, मग डावी बाजू. उजवी बाजू शेवटी.

आणि पाठ? खाच डोक्याला, तळाला आणि दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे पत्रा चारी बाजूंनी कोंडला जातो. तो शेवटच्या फळीच्या आधीच आत सरकवावा लागतो, नाहीतर कपाट तयार आणि पाठ हातात अशी गत होते. इथे उजवीकडून सरकवायचा. तुमच्या कपाटात खाचच नसेल आणि पुडीत बारीक खिळे असतील, तर पाठ सगळ्यात शेवटी मागून ठोकायची असते. खाच आहे की नाही, एवढ्यानं क्रम बदलतो.

6. प्रत्यक्ष जोडणी

गोधडी अंथरा. कपाट पुढच्या कडांवर, म्हणजे पालथं जोडायचं आहे. पट्टी लावलेल्या कडा खाली येतात म्हणून सगळ्या एका पातळीत राहतात, आणि कुलपं आवळायला हात पोचतो. सारवलेली जमीन खाली-वर असेल तर ओसरीवरच्या फरशीवर या. जमीन ओली असेल तर अजिबात नको, हा बोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही.

बोल्ट सगळ्या पायांत फिरवा, कॉलर फळीला टेकेपर्यंत. सगळे सारखेच बाहेर राहिले पाहिजेत. एखादा 2 मिलिमीटर जास्त बाहेर राहिला तर फळ्यांत फट राहते. जास्त आवळून आत गेला तर कुलपाला धरायला डोकं सापडत नाही.

कुलपं घरांत ठेवा, बाण कडेकडे, म्हणजे जिथून बोल्ट येणार तिकडे. बाण दुसरीकडे असेल तर बोल्टला आत शिरायला वाटच मिळत नाही आणि तुम्ही ठोकत बसता. फळ्या जुळवल्यावर पेचकसानं घड्याळाच्या दिशेनं साधारण अर्धा फेरा. शेवटी हाताला घट्टपणा जाणवला पाहिजे. कुलूप मोकळं गोल फिरत राहिलं तर त्यानं डोकं धरलेलं नाही. उलटं फिरवून बाण परत जागेवर आणा, फळी दाबून कड पूर्ण टेकवा आणि पुन्हा फिरवा.

गुल्ल्या आधी कोरड्या लावून बघा. पावसाळ्यात त्या फुगलेल्या असतात, जबरदस्तीनं ठोकल्या तर बोर्डची कड फुटते. थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा पॉलिश पेपर फिरवा. फेविकॉल लावायचा की नाही, यावर मिस्त्रींमध्ये दोन मतं आहेत. मी लावत नाही. भाड्याचं घर, बदली, लेकीचं सासर, कपाट कधी ना कधी खोलावं लागतं.

मग क्रम असा: मधल्या फळीला तळ आणि डोकं लावून आवळा, इंग्रजी आयसारखा आकार होईल. तळाखाली पट्टी गुल्ल्यांवर टेकवा. पक्का कप्पा मधल्या फळीला डावीकडून लावा, घरांचं अंग खाली, म्हणजे कपाट उभं झाल्यावर कुलपं दिसत नाहीत. डावी बाजू. इथे तळ, डोकं, कप्पा आणि पट्टी चारही एकदम जुळवावे लागतात, म्हणून दोन माणसं हवीत. सगळे बोल्ट थोडे थोडे आत गेल्यावरच आवळायला सुरुवात करा.

आता उजवीकडून पहिला पत्रा खाचेत सरकवा, डाव्या बाजूच्या खाचेत पूर्ण शिरेपर्यंत. रंगीत अंग आतल्या बाजूला, म्हणजे कपाट पालथं असताना खाली. त्याच्या मोकळ्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी बसवा, तिच्या दुसऱ्या खाचेत दुसरा पत्रा. ही पट्टी मधल्या फळीच्या पाठीवर येते. येत नसेल तर पहिला पत्रा अजून पूर्ण शिरलेला नाही. उजवी बाजू लावण्याआधी दुसऱ्या पत्र्याची कड खाचेच्या खोलीएवढीच, 5-6 मिलिमीटर, बाहेर राहते ना ते बघा.

उजवी बाजू टेकवा, पण पूर्ण आवळू नका. आधी टेपनं दोन्ही कर्ण मोजा. या मापाच्या कपाटात ते साधारण 197 सेंटिमीटर येतात. दोन्हींत 2-3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर ठोकळा ठेवून हलकं ठोका, मग आवळा. हे टाळलं तर पुढे दारं कधीच सरळ लागत नाहीत आणि दोष कब्जांना दिला जातो.

बाजूंच्या खालच्या टोकांना प्लॅस्टिकची बटणं ठोकूनच उभं करा. आधी पालथं आहे ते बाजूला वळवायचं नाही, डोक्याकडून दोघांनी उचलत सरळ उभं करायचं. फिरताना त्याचा कोपरा 186 सेंटिमीटरपर्यंत वर जातो. टिनाच्या उतरत्या छपराखाली किंवा माळ्याखाली आधी मोजून घ्या.

7. दारं

28 आखूड स्क्रूंचा हिशेब: प्रत्येक कब्जाला दारात 2 आणि पायपट्टीला 2, सहा कब्ज्यांचे 24. दांड्याच्या वाट्यांना 4. एकही उरत नाही. दारात यापेक्षा लांब स्क्रू घालू नका. फळी 18 मिलिमीटरची, 25 चा स्क्रू घातला तर टोक समोरून बाहेर येतं. 25 चे आहेत ते मुठीचे, ते आरपारच जायचे असतात.

कब्जा पाहिला तर त्याचा हात सरळ असतो किंवा वाकलेला. सरळ हाताचा म्हणजे दार बाजूच्या कडेवर पूर्ण चढतं. मामींचे सरळ होते, आणि दारांची रुंदी 398. दोन मिळून 796, म्हणजे दारं बाहेरूनच झाकतात, आत बसत नाहीत. दार लावल्यावर कब्जाच्या हातावर दोन स्क्रू दिसतात. पुढचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. दोन दारांच्या मधली फट वर-खाली सारखी होईपर्यंत पुढचा पाव-पाव फेरा फिरवा.

एखाद्या भोकाचे आटे गेलेच असतील तर आगकाड्यांची टोकं तोडून फेविकॉलमध्ये बुडवा, भोकात घट्ट खोचा, रात्रभर वाळू द्या, बाहेर आलेलं ब्लेडनं कापा आणि तिथेच स्क्रू हातानं फिरवा. कब्जासाठी हे पुरतं. बोल्टच्या पायासाठी मी हे करणार नाही, तिथे ताण जास्त असतो. त्यासाठी मिस्त्रीकडून भोक मोठं करून लाकडी गुल्ली ठोकून घ्या आणि नव्यानं 5 चं भोक पाडा.

8. एल आकाराचा पत्रा फेकू नका

सगळं झाल्यावर वाटीत तो एकटा उरतो आणि जास्तीचा वाटतो. तो कपाटाच्या डोक्याला आणि भिंतीला लावायचा आहे. दोन्ही दारं उघडी आणि लेकरू खालच्या कप्प्यावर चढलं, तर 45 सेंटिमीटर खोलीचं कपाट पुढे येतं. विटांच्या भिंतीत ड्रिल करून प्लग घाला आणि स्क्रू आवळा. मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, तिथे कपाट दाराच्या चौकटीजवळ किंवा लाकडी खांबाजवळ ठेवा आणि स्क्रू त्या लाकडात घ्या. भिंत आणि पाठ यांत दोन बोटं जागा सोडा, पावसाळ्यात ओल लागते आणि उधई आली तरी वेळेत दिसते.

वहीतलं पान फाडून दाराच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीनं लावून ठेवा. कपाट पुन्हा खोलायचं झालं तर तोच नकाशा.